७०० ची बेरीज जुळली म्हणून गीतेचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न: "इंग्रजीतल्या गीतेवरच्या एका पुस्तकाचं मराठी भाषांतर करतेय. लेखकाने दिलेले श्लोकक्रमांक माझ्याकडच्या पोथीशी तेराव्या अध्यायात जुळत नाहीत. सरसकट एक वजा करू का? दोन्हीकडे श्लोक ७००च आहेत, मग फरक येतो कुठून?"

उत्तर: ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं जुनं हस्तलिखित डोळ्यांसमोर आलं. मीही "दोन्हीकडे ७००च" या एका गोष्टीवर विसंबलो आणि छापून झालेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायची वेळ आली. मी संस्कृतचा पंडित नाही, नाशिकमध्ये बसून भाषांतरं करणारा माणूस आहे. त्यामुळे पाठभेदांचा निवाडा माझ्याकडून घेऊ नका. आकड्यांचं तेवढं सांगतो.

तेराव्या अध्यायात काही प्रतींमध्ये सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न येतो: "प्रकृतिं पुरुषं चैव". शांकरभाष्य ज्या पाठावर आहे त्यात तो नाही. तिथे अध्याय थेट भगवंतांच्या "इदं शरीरं कौन्तेय"ने सुरू होतो. प्रश्न धरला तर अध्याय ३५ श्लोकांचा, सोडला तर ३४ चा. गीता प्रेसच्या नेहमीच्या प्रतीत ३४ आहेत, इस्कॉनच्या प्रतीत ३५. मग इस्कॉनची बेरीज ७०१ व्हायला हवी ना? होत नाही, कारण त्यांच्या पहिल्या अध्यायात ४६ श्लोक आहेत आणि गीता प्रेसमध्ये ४७. इथे एक कमी, तिथे एक जास्त. बेरीज दोन्हीकडे ७००!

मी नेमका इथे फसलो. मूळ लेखकाचे आकडे ४६ आणि ३५ च्या पद्धतीचे होते. संस्कृत श्लोक मात्र मी घरातल्या गीता प्रेसच्या प्रतीतून घेतले. एकूण मोजले, ७०० आले, आणि मी लेखकाचे सगळे संदर्भ जसेच्या तसे ठेवले. छपाईला अनुदान देणाऱ्या एका कार्यालयात तपासणीसाठी प्रत दिली होती. तिथल्या तक्त्यात श्लोकांबद्दल एकच रकाना होता, एकूण संख्येचा. मी तोंडी विचारलंही होतं, "पहिला आणि तेरावा अध्याय वेगळा तपासता का?" उत्तर मिळालं, "बेरीज बरोबर आहे ना, मग झालं." पुढे चूक निघाली तेव्हा त्याच टेबलावरून मला सांगितलं गेलं की क्रमांकांची जबाबदारी भाषांतरकाराची. जबाबदारी माझीच होती, हे मला मान्य आहे. पण तपासणी म्हणून सात महिने प्रत अडवून ठेवली आणि तपासलं काहीच नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

चूक काढली पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी. लेखकाने "क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि"साठी १३.३ लिहिलं होतं. आमच्या छापलेल्या पाठात १३.३ ला "तत्क्षेत्रं यच्च यादृक्च" आहे आणि "क्षेत्रज्ञं चापि" १३.२ ला. वाचणाऱ्याला शंका येत नाही, कारण दोन्ही आकडे अस्तित्वात आहेत आणि विषयही जवळचाच. चूक स्वतःहून ओरडते ती फक्त टोकाला: कुणी १३.३५ लिहिलं तर तो ३५ वाला, १.४७ लिहिलं तर तो ४७ वाला. तुमच्या लेखकाची पद्धत ओळखायला आधी हे दोन आकडे शोधा.

आता तुमचा "सरसकट एक वजा". तेराव्या अध्यायात, लेखक स्वतः एकाच पद्धतीने चालला असेल तर, हे चालतं. अमानित्वाची यादी इस्कॉनच्या प्रतीत १३.८ पासून, आपल्या गीता प्रेसच्या प्रतीत १३.७ पासून. पण लेखकाने शांकरभाष्याचा उतारा दिला असेल तर त्यातला आकडा बहुधा आधीच ३४ च्या पद्धतीचा असतो. त्यातूनही एक वजा केलात की बरोबर असलेला आकडा चुकला.

आणि पहिल्या अध्यायात हा नियम पार मोडतो. तिथे श्लोक गळलेला नाही, ओळी जोडण्याची जागा बदलली आहे. इस्कॉनच्या प्रतीत काही ठिकाणी दोनऐवजी तीन ओळींचा श्लोक धरला आहे. पंचविसाव्या श्लोकाच्या आसपास दोन्ही प्रती बरोबरीने चालतात, पुढे अर्ध्या श्लोकाची सरक पडते. उदाहरण घ्या. गीता प्रेसमध्ये १.३० ची पहिली ओळ "गाण्डीवं स्रंसते हस्तात्" आणि दुसरी "न च शक्नोम्यवस्थातुं". इस्कॉनमध्ये गांडीवाची ओळ १.२९ ला आहे आणि "न च शक्नोमि" १.३० ला. म्हणजे आपल्या एकाच श्लोकाच्या एका ओळीचा आकडा बदलतो आणि दुसरीचा तोच राहतो. अध्यायाच्या शेवटी मात्र पूर्ण एकाचा फरक पडतो: "कुलक्षये प्रणश्यन्ति" आपल्याकडे १.४०, त्यांच्याकडे १.३९. मी शुद्धिपत्र करताना घाईत सगळीकडे एक मिळवला, आणि त्यामुळे मधल्या भागातल्या चार नोंदी शुद्धिपत्रातच चुकल्या.

म्हणून माझं ठाम मत: आकड्यावरून आकडा काढूच नका. प्रत्येक संदर्भाला त्या ओळीचं प्रतीक, म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन शब्द, लावा. मग आपल्या आधारप्रतीच्या मागची अकारादी श्लोकसूची उघडून तिथला आकडा घ्या. ओळ श्लोकाच्या मध्यातली असेल तर ती सूचीत सापडणार नाही, अध्याय उघडूनच पाहावं लागेल. माझ्या आताच्या वहीत चार रकाने असतात: लेखकाचा आकडा, प्रतीक, आधारप्रतीतला आकडा, आपल्या पुस्तकातलं पान. दीडशे संदर्भांना मला तीन संध्याकाळी लागल्या. छापील पुस्तकातही मी आता १३.२ (क्षेत्रज्ञं चापि) असंच लिहितो. वाचकाच्या घरी कोणतीही प्रत असो, त्याला ओळ सापडते. काही संपादकांना हे कंस खटकतात. मी तरी त्यावर अडून बसतो.

आधारप्रत कोणती, हे निवेदनात एका वाक्यात सांगा, आणि पहिला व तेरावा अध्याय किती श्लोकांचा धरला तेही. लेखकाने तिसऱ्याच कुणाचं अवतरण दिलं असेल तर त्यातला आकडा बदलू नका, शेजारी चौकटी कंसात आपला द्या.

लेखक महाभारताच्या क्रमांकाने संदर्भ देत असेल तर आणखी एक गाठ आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत येते, नीलकंठी पाठात २५ ते ४२. म्हणजे तेरावा अध्याय एकीकडे ६.३५ आणि दुसरीकडे ६.३७. नुसतं "भीष्मपर्व ३५" लिहिलेलं दिसलं तर प्रतीक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्ञानेश्वरीच्या ओव्या देणार असाल तर तिथेही प्रतीचं नाव हवंच. राजवाडे प्रतीतला ओवीक्रमांक घेऊन दुसऱ्या प्रतीत शोधणाऱ्याला भलतीच ओवी मिळू शकते.

शेवटी एक बारीक गोष्ट. हा तक्ता एक्सेलमध्ये करणार असाल तर आकडे भरण्याआधी तो रकाना Text करून घ्या. नाहीतर 13.10 टाइप केलं की त्याचं 13.1 होतं, आणि दहावा श्लोक गुपचूप पहिल्यात मिसळतो. माझ्या पहिल्या तक्त्यात १.४० चंही असंच १.४ झालं होतं.