माफी की गिळलेला राग?

“दादाने मला फसवले, तरी मी त्याला माफ केले आहे असे सगळ्यांना सांगते. पण त्याचा फोन आला की पोटात गोळा येतो. ही माफी खरी आहे, की राग मी नुसता गिळला आहे?”

फोंड्याच्या बाजूच्या, पन्नाशीतल्या या ताईंची ओळख कळू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वडील गेल्यावर दादाने ‘घराचे कागद’ म्हणून त्यांची आणि त्यांच्या यजमानांची सही घेतली होती, आणि तो कागद वारसाहक्क सोडल्याचा निघाला. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, त्यामुळे नुकसान खरोखरच मोठे होते.

पोटातल्या गोळ्यावरून मी काहीच ठरवले नाही, कारण एकदा दुखावलेले शरीर माफीनंतरही सावध राहते. मी त्यांना सहीचा दिवस क्रमाने सांगायला लावला. दोन मिनिटांत, घट्ट जबड्याने त्यांनी तो संपवला आणि “जाऊ दे, दादाच तो” म्हणाल्या. मग मी विचारले, “दादाच्या काजूला यंदा भरघोस पीक आले असे कळले, तर पहिल्या क्षणी काय वाटेल?” बराच वेळ त्या गप्प बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “मोहर गळायला हवा होता असे वाटेल.” चार वर्षे चवथीला त्या माहेरी जाऊन नेवऱ्या करत होत्या, पण उपवासाचे निमित्त सांगून तिथे जेवत नव्हत्या, हेही तेव्हाच कळले.

म्हणजे त्या खोटे बोलत होत्या, असे मला मुळीच वाटत नाही. एव्हरेट वर्थिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी निर्णयाची माफी आणि भावनेची माफी वेगळी मानली आहे. सूड घ्यायचा नाही हा ताईंचा निर्णय प्रामाणिक होता, परंतु रागाला तोंडच न मिळाल्यामुळे तो जेवणाच्या पानावरून उठत होता.

पुढच्या भेटींत आम्ही दादाची बाजू समजून घेण्याची घाई केली नाही. ती फार लवकर केली तर राग पुन्हा आत ढकलला जातो. आधी त्यांनी न पाठवायचे पत्र लिहिले आणि त्यात काय गेले ते नेमके मांडले: जमिनीचा वाटा, आणि त्याहून जास्त, न वाचता सही करण्याइतका विश्वास. पत्र वाचताना त्या पहिल्यांदा मोठ्याने रागावल्या. काही आठवड्यांनी तोच दिवस सांगताना त्यांना रडू आले, पण त्यांनी काहीही गाळले नाही, आणि थोड्या वेळात श्वास आपोआप संथ झाला. दुःख उरले होते, पण दादाचे वाईट व्हावे ही इच्छा शोधूनही सापडत नव्हती. माझ्या मते खूण हीच आहे.

दादाने अजून चूक कबूल केलेली नाही. यंदा चवथीला ताई माहेरी जेवल्या, आणि त्याने पुढे केलेला दुसरा कागद वकिलांना दाखवण्यासाठी सही न करता घरी घेऊन आल्या.