शिवणीतली माया

प्रिय पोरी,

शिवाजी पेठेतल्या ब्लाऊजच्या दुकानासाठी तू लिहिलेल्या अकरा ओळी काल दोनदा वाचल्या, दुसऱ्या वेळी मोठ्यानं. ‘विश्वासाचं दुसरं नाव’ ही ओळ गुजरीतल्या सोन्याच्या दुकानावर टांगून बघ. तिथंही ती तशीच बसते, म्हणजे ती या दुकानाची नाही. ‘माप तुमचं, टाका आमचा’ ऐकायला गोड आहे, पण ‘अमुक तुमचं, तमुक आमचं’ हा साचा इतका वापरलाय की माणूस अर्धी ओळ ऐकून पुढची स्वतःच भरतो आणि विसरतो. ‘नाद खुळा’ आणि ‘जगात भारी’ तर आपल्या गावात गाड्यांच्या मागच्या काचेवरसुद्धा आहेत. या सगळ्या खोड.

मला अडकवलं ते वहीच्या कडेला तू केलेल्या टिपणानं: “मावशी प्रत्येक ब्लाऊज नेमक्या मापात शिवतात आणि पुढं सैल करता यावा म्हणून आत माया ठेवतात.” पोरी, ओळ इथंच आहे. बाजूच्या शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढच्या-मागच्या भागाच्या दोन्ही बाजू धरल्या तर अशा चार कडा होतात. शिवण उसवून प्रत्येक कडेला अर्धा इंच सोडला की घेर दोन इंच वाढतो. लग्नातला ब्लाऊज बाळंतपणानंतरही अंगात जातो तो या मायेमुळं.

आता छाटायला बस. आधी ‘प्रत्येक ब्लाऊज’ काढ, ते पाटीवर आहेच. ‘आम्ही’ लिहायची गरज नाही, ‘ठेवतो’मध्ये आम्ही आलो. ‘नेमकं’ पण जाऊ दे, चुकीचं माप घेतो असं कोणता शिंपी सांगेल? उरतं: ‘माप घेतो आणि शिवणीत माया ठेवतो.’ ‘आणि’च्या जागी स्वल्पविराम दे. ‘शिवणीत’ काढताना मी जरा थांबलो होतो, कारण अर्थ पक्का करणारा शब्द तोच आहे. पण तो असला की माया फक्त कापड राहते. काढला की दोन्ही अर्थ उघडे राहतात.

माप घेतो, माया ठेवतो.

आता मात्रा मोज. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. ‘गरज सरो, वैद्य मरो’ बघ: सहा आणि सहा, म्हणून ती जिभेवर बसली. आपल्याकडं सात आणि नऊ येतात. मी बरोबरी साधायला ‘मापून घेतो’ करून पाहिलं, नऊला नऊ जमले. पण कुठलीही शिवणारी बाई “मापून घेते” म्हणत नाही, ती “माप घेते” म्हणते. बोली मोडून मिळालेला ताल घेऊ नकोस. तसंही स्वल्पविरामाशी श्वास थांबतो आणि ती उणीव भरून निघते. दोन्ही तुकडे ‘मा’नं सुरू होतात, ‘तो’वर टेकतात, तेवढी पकड पुरे. ‘मापून कापतो’ हाही मोह होईल. तो टाळ. “दुकानदार कापतो” याचा बाजारातला अर्थ तुला माहीत आहे.

तू म्हणशील, माया हाही घासलेलाच शब्द. ‘मायेची शिलाई’ लिहिलं असतंस तर मीही तेच म्हटलं असतं. इथं शब्दाला वाचवतं ते ‘ठेवतो’ हे क्रियापद. माया करतात, लावतात. कापडात ती ठेवतात. एखाद्या तरुण मुलीला हा अर्थ माहीत नसेल आणि तिनं विचारलं, तर मावशी ब्लाऊज उलटा करून शिवण दाखवतील. गिऱ्हाईकाच्या ते लक्षात राहील.

एक चाचणी मात्र कर. ओळ कागदावर न दाखवता चार बायकांना नुसती ऐकव, आणि दुसऱ्या दिवशी विचार काय होती. कुणी शब्द बदलून सांगितला तर बदललेला शब्द लिहून ठेव. दोघींनी एकच बदल केला तर त्यांचं बहुतेक बरोबर असतं.

आणि पेंटरकडं जाण्याआधी मावशींना विचार: शिफॉनसारख्या पारदर्शक कापडाला काय करता? तिथं रुंद माया बाहेरून दिसते. “ठेवतो, पण कमी” म्हणाल्या तर ओळ खरी आहे, रंगवून टाक. “गिऱ्हाईकानं सांगितलं तरच ठेवतो” म्हणाल्या तर ही ओळ कितीही आवडली तरी सोडायची, आणि टिपणांची वही घेऊन परत त्यांच्या मशीनशेजारी जाऊन बसायचं.

तुझा,
काका