विमा कंपनीकडून माहिती फुटल्याचं पत्र आलं, आता काय करायचं?

प्रश्न : आईच्या नावावर आयुर्विम्याची पॉलिसी आहे. येत्या जूनमध्ये तिची मुदत संपते, सव्वासहा लाखांच्या आसपास मिळतील. मागच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. शाखेतले स्कॅन केलेले कागद ज्या सर्व्हरवर असतात त्यात कोणीतरी शिरलं आणि नाव, पत्ता, मोबाईल, पॉलिसी क्रमांक, पॅन, आधारची प्रत, कॅन्सल्ड चेक आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल 'उघड झालेला असू शकतो', पण 'गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही', असं त्यात आहे. पासवर्ड बदला, ओटीपी देऊ नका, असा सल्ला दिलाय. दोन दिवसांनी आईला फोन आला. समोरच्याला पॉलिसी क्रमांक पाठ होता आणि 'मॅच्युरिटीसाठी खातं तपासायचंय' म्हणाला. आईनं काही सांगितलं नाही. आम्ही काय करावं? नुकसानभरपाई मागता येते का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या आईंनी फोनवर काही सांगितलं नाही, इथंच निम्मं काम झालं. आता तो फोन कागदावर आणा. तारीख, वेळ, नंबर आणि तो माणूस काय बोलला ते आईंच्या शब्दांत आजच लिहून ठेवा, मोबाईलमधल्या कॉलच्या नोंदीचा फोटो काढा. गैरवापराचा पुरावा नाही असं कंपनी म्हणते, पण पॉलिसी क्रमांक आणि मुदतपूर्ती माहीत असलेल्या अनोळखी माणसाचा हा फोन म्हणजे पुराव्याची सुरुवातच आहे. अजून पैसे गेलेले नसल्यामुळे तो नंबर sancharsaathi.gov.in वरच्या संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' विभागात कळवा.

त्याआधी एक खात्री करून घ्या. असली पत्रं खोटीही निघतात. पत्रातला फोन नंबर किंवा लिंक वापरू नका. पॉलिसी बाँडवर छापलेल्या शाखेत पत्र घेऊन जा आणि ते खरं असल्याचं तिथून लेखी घ्या. पत्रासोबत माहितीच्या गैरवापरावर नजर ठेवणारी 'मोफत देखरेख सेवा' घेण्याचा फॉर्म असेल, तर त्यातलं बारीक अक्षर वाचा. कंपनीविरुद्ध माझी काही तक्रार राहणार नाही, अशा अर्थाची ओळ असेल तर सही करू नका. सेवा हवी असेल तर ती ओळ खोडून मागा.

कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्या दुखण्यावरचं ते औषध नव्हे. तुमच्या घरचा पासवर्ड फुटलेला नाही, कागदांच्या प्रती फुटल्या आहेत. एकट्या खाते क्रमांकावर कोणी बँकेतून पैसे काढू शकत नाही. म्हणून मला आईंच्या बचत खात्यापेक्षा अजून कंपनीकडेच असलेल्या सव्वासहा लाखांची काळजी जास्त वाटते.

हे पैसे कसे पळवले जातात ते समजून घ्या. आधी कंपनीकडे मोबाईल नंबर बदलण्याचा अर्ज जातो, सोबत आधार आणि पॅनची प्रत. नंबर बदलला की पुढचे सगळे ओटीपी आणि संदेश भामट्याकडे जातात, आईंना काही कळतच नाही. मग पैसे जमा करायचं खातं बदलण्याचा अर्ज येतो. कंपनी नवीन खात्यात एक रुपया टाकून खातेदाराचं नाव जुळतं का ते पाहते. पण फुटलेल्या कागदांवर आईंच्याच नावानं दुसरीकडे खातं उघडलेलं असेल तर नाव जुळणारच. मुदतीपर्यंत थांबायचीही गरज नसते. पॉलिसीवर कर्ज काढता येतं, नाहीतर ती मुदतीआधीच सरेंडर करता येते, म्हणजे बंद करून पैसे घेता येतात.

म्हणून या आठवड्यात आईंना घेऊन शाखेत जा आणि दोन गोष्टी करा. पहिली, पॉलिसीची आजची स्थिती छापून मागा. नोंदवलेला मोबाईल, ईमेल, पत्ता, बँक खातं आणि नॉमिनी, शिवाय गेल्या सहा महिन्यांत यात झालेले बदल आणि कर्ज वा सरेंडरचा एखादा अर्ज आला असेल तर तो. दुसरी, पुढचा मजकूर साध्या कागदावर लिहून द्या:

'आपल्या अमुक तारखेच्या पत्रानुसार माझे ओळखीचे कागद आपल्या ताब्यातून बाहेर गेले आहेत. अमुक तारखेला मला संशयास्पद फोनही आला. तरी माझ्या पॉलिसीवरील मोबाईल, पत्ता, बँक खातं वा नॉमिनी बदलण्याचा, कर्जाचा किंवा सरेंडरचा कोणताही अर्ज मी स्वतः मूळ बाँडसह शाखेत हजर असल्याशिवाय स्वीकारू नये. या सूचनेनंतर चुकीच्या व्यक्तीला रक्कम दिली गेल्यास त्यामुळे मला द्यायची रक्कम आपण फेडली असं मानता येणार नाही.'

प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला खळखळ केली तर हाच कागद स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. मुदतीनंतर पैसे देणं हा कंपनीचा आईंशी असलेला करार आहे. पैसे भलत्याच्या हाती गेल्यानं तो करार पुरा होत नाही, आणि लेखी इशारा दिल्यानंतर तर कंपनीला बाजू मांडणं फार अवघड जातं.

आधारसाठी myaadhaar.uidai.gov.in वर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या प्रतीत अंगठ्याचा ठसा नसतो, पण तो दस्तनोंदणीच्या कागदांसारख्या ठिकाणाहून मिळवून आधार क्रमांकाशी जोडला तर आधारवर चालणाऱ्या व्यवहारांतून पैसे काढले जाऊ शकतात. रेशनला अंगठा द्यायचा असेल तेव्हा लॉक थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

पॅनवर कोणी कर्ज काढलं का, हे क्रेडिट अहवालात कळतं. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना दरवर्षी एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चारही एकदम मागवू नका. आज एकीचा, तीन महिन्यांनी दुसरीचा, असं केलं की वर्षभर नजर राहते. अहवालात 'चौकशी' या भागाकडे आधी बघा. कर्ज मंजूर होण्याआधी त्या संस्थेनं पॅनवर केलेली विचारणा तिथं दिसते. आईंनी कधी अर्जच केला नाही अशा संस्थेचं नाव दिसलं तर लगेच तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली काढावी लागते, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

बँक खात्यातून पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनुसार चूक बँकेचीही नसेल आणि तुमचीही नसेल, बाहेरच्या कुणाकडून माहिती फुटली असेल, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतो. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. आपल्याकडे बहुतेकांचं खातं तिथंच असतं म्हणून मुद्दाम सांगतो. पण ओटीपी स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

आता भरपाईबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. त्यातला एक रुपयाही आईंना मिळणार नाही, तो दंड सरकारजमा होतो. शिवाय त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी सुरू होतात. तोवर तुमच्या कामाचं आहे ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३-अ. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीनं हयगय केली आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर कंपनी भरपाई देणं लागते. २०११ च्या नियमांतल्या संवेदनशील माहितीच्या यादीत बँक खात्याचा तपशील आणि वैद्यकीय नोंदी येतात, पत्ता आणि मोबाईल नंबर येत नाहीत. म्हणून तुमच्या पत्रातले 'कॅन्सल्ड चेक' आणि 'वैद्यकीय तपासणीचा अहवाल' हे शब्द मोलाचे आहेत. पाच कोटींपर्यंतचा असा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्यानं, चालतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. मात्र हयगय आणि नुकसान, दोन्ही सिद्ध करावं लागतं. नुसती भीती वाटते एवढ्यावर हा दावा टिकत नाही, म्हणून आज तो दाखल करण्याचा सल्ला मी देणार नाही.

तुम्हाला जवळचा आणि सोपा मार्ग म्हणजे कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. भरलेले हप्ते पाच लाखांच्या आत असतील तर फीही नाही. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. इथं कंपनी म्हणेल की आम्ही दिली नाही, ती चोरीला गेली. त्यामुळे तुमची मुख्य बाजू सेवेतल्या त्रुटीची ठेवा. घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

ती बाजू भक्कम करायची असेल तर कंपनीला आत्ताच लेखी विचारा : घुसखोरी कोणत्या तारखेला झाली, तुम्हाला कधी कळली, माझ्या आईच्या नेमक्या कोणत्या कागदांच्या प्रती गेल्या आणि त्या सर्व्हरवर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, होत्या का? अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेला कळवावी लागते, म्हणून तेही विचारा. कंपनीला कळल्याची तारीख आणि तुमच्या पत्राची तारीख यात महिनोन्‌महिने गेले असतील, तर आयोगापुढे तेवढी एक गोष्टही बोलकी ठरते. उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वर किंवा १५५२५५ वर तक्रार टाका.

विमा लोकपालांकडेही जायचं का, असं तुमच्या मनात येईल. कोल्हापूर पुण्याच्या लोकपालांच्या कक्षेत येतं. माहिती फुटल्याची भरपाई मागायला ती योग्य जागा नाही. पण जूनमध्ये पैसे अडवले किंवा भलत्या खात्यात टाकले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून मग तिकडे जरूर जा. ५० लाखांपर्यंतचा वाद तिथं विनाखर्च आणि वकिलाशिवाय चालतो.

मुदतपूर्तीचे कागद देताना मूळ बाँड आणि सही केलेली पावती आईंनीच शाखेत द्यावी, कुणा प्रतिनिधीच्या हाती देऊ नये. द्यायच्या प्रत्येक झेरॉक्सवर 'फक्त मुदतपूर्तीसाठी', पॉलिसी क्रमांक आणि तारीख, हे अक्षरांवरून आडवं लिहून सही करावी. कंपनीचं पत्र त्याच्या पाकिटासकट जपून ठेवा, कारण पाकिटावरचा टपालाचा शिक्का तुम्हाला कधी कळवलं ते दाखवतो.