घरावरचं कर्ज: ७० लाखांच्या घरावर २६ लाखच का?

"अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेलचं छोटं युनिट आहे. दोन रॅपियर लूम घ्यायला घरावर ३५ लाख काढायचेत. घर पूर्व भागात, जागा १,५०० चौरस फूट. ९०० फुटांचा तळमजला ३० वर्षांचा, वरचा मजला तेवढाच, १५ वर्षांपूर्वी चढवलेला. एजंट म्हणतो ७० लाख येतील, बँक २६ च्या वर जात नाही. का? आणि हप्ते थकले तर घर जातं का?"

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि सोलापुरात बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पण २६ हा आकडा वाचूनच शंका आली की तुमचा वरचा मजला बँकेने धरलेलाच नाही.

एजंटने जागा ३,००० रुपये फुटाने धरली असेल, म्हणजे ४५ लाख, आणि दोन्ही मजल्यांचे मिळून २५. झाले ७०. व्हॅल्युअर 'मागतात किती' हे बघत नाही. त्याच भागात नुकतीच नोंदलेली खरेदीखतं, रेडी रेकनरचा दर, रस्त्याची रुंदी, कोपरा आहे की बोळ, हे बघून तो दर ठरवतो. समजा २,४०० निघाला. जागेचे झाले ३६ लाख.

बांधकामाचा हिशेब वेगळा. आज असंच घर बांधायला १,६०० रुपये फूट लागतात असं धरू. आरसीसी घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं मानतात आणि शेवटी १० टक्के किंमत उरते असं धरून उरलेल्या ९० टक्क्यांवर घसारा काढतात. तुमच्या तळमजल्याचं निम्मं आयुष्य संपलं, म्हणून ४५ टक्के गेले. राहिले फुटाला ८८० रुपये, ९०० फुटांचे ७ लाख ९२ हजार. जागा धरून ४३ लाख ९२ हजार. घर तारण ठेवून धंद्याला कर्ज देताना बऱ्याच बँका किमतीच्या ५० ते ७० टक्के देतात. ६० टक्के धरले तर २६ लाख ३५ हजार. तुम्हाला सांगितलेला आकडा जवळपास हाच आहे ना?

वरच्या मजल्याला महापालिकेचा बांधकाम परवाना असता, तर १५ वर्षांचा घसारा वजा जाऊन त्याचे आणखी ११ लाख १६ हजार धरले गेले असते आणि कर्ज ३३ लाखांपर्यंत गेलं असतं. मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम आम्ही मोजतो, फोटो काढतो, रिपोर्टात लिहितो आणि त्यापुढे शून्य मांडतो, कारण उद्या महापालिकेची नोटीस आली तर बँकेच्या तारणातलाच तुकडा जाईल. पूर्व भागात असे मजले घरोघरी आहेत. मुलाचं लग्न ठरलं की वर दोन खोल्या चढतात, नकाशाची आठवण कोणाला होत नाही. तेव्हा आधी जुना मंजूर नकाशा शोधा आणि मजला नियमित करून मिळेल का, हे एखाद्या आर्किटेक्टकडून तपासून घ्या. सगळे मजले होतातच असं नाही. घराभोवती मोकळी सोडायची समासाची जागा व्यापली असेल तर अडतं.

एक कळकळीची विनंती. "साहेब, थोडा आकडा वाढवून द्या" असं व्हॅल्युअरला सांगू नका, आणि कोणी आपणहून वाढवून देत असेल तर सावध व्हा. फुगवलेल्या आकड्याने घराची किंमत वाढत नाही, फक्त तुमचा हप्ता वाढतो. ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी २६ लाखांचा हप्ता सुमारे ३५,८०० येतो, ३५ लाखांचा ४८,२००. बँक तुमच्या रिटर्नमधला नफा आणि चालू हप्तेही बघते, आणि घरावरून निघणारी रक्कम व हप्त्यावरून निघणारी रक्कम यात जी कमी, तीच मंजूर करते.

आता घर जाण्याचं. हो, जाऊ शकतं. कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा हक्क सरफेसी कायदा बँकांना देतो. राहतं घर आहे म्हणून त्यात सूट नाही, आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात, यात वाद उरलेला नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं, होतं. टॉवेलच्या धंद्यात व्यापाऱ्याकडून पैसे यायलाच दोन-तीन महिने लागतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! एक मोठं पेमेंट अडकलं आणि सुताचे पैसे रोख द्यावे लागले, की तीन हप्ते कसे चुकले ते कळतही नाही. मग कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर द्या. बँकेला १५ दिवसांत त्यावर कारणांसह कळवावं लागतं. तरीही पैसे भरले नाहीत तर ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायला ४५ दिवस असतात.

लोक चुकतात ते इथून पुढे. लिलाव होईपर्यंत कधीही पैसे भरून घर सोडवता येईल, असं त्यांना वाटतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसं नाही. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधी सगळी थकबाकी खर्चासकट भरली तरच घर सोडवण्याचा हक्क राहतो. आणि लिलावात कागद अपुरे असलेल्या, माणसं राहत असलेल्या घराला बाजारभाव सहसा मिळत नाही. कर्ज फिटून वर उरलं तर ते तुमचं. कमी पडलं तर फरक तुमच्याकडून आणि जामीनदारांकडून वसूल होतो.

आमचं साखर पेठेतलं घर वडिलांच्या यंत्रमागांपायी नऊ वर्षं बँकेत तारण होतं. लूमचं कर्ज सातव्या वर्षी फिटलं, तरी कागद मिळाले नाहीत, कारण करारात 'कर्जदाराच्या सर्व देण्यांसाठी' असं कलम होतं आणि धंद्याच्या खेळत्या भांडवलाचं सीसी कर्ज चालू होतं. वडिलांनी ते वाचलं नव्हतं. आई दर दिवाळीला विचारायची, "कागद आले का हो?" तुमच्या करारात ते वाक्य शोधा आणि तारण फक्त याच कर्जापुरतं आहे, असं मंजुरीपत्रात लिहून घ्या. घर आईच्या किंवा भावाच्याही नावावर असेल तर त्यांनाही सही करावी लागेल. त्यांना आधी हे सगळं समजावून सांगा.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही लूम घरावर घेतले नसते. लूमसाठी मशिनरी टर्म लोन मागा, त्यात तारण म्हणून लूमच नजरगहाण राहतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना १ एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी मिळू शकते. तिची फी लागते आणि मॅनेजर आपणहून तिचं नाव काढत नाही, म्हणून अर्ज लेखी द्या. यातून एक लूम निघाला आणि फक्त उरलेल्या रकमेसाठी घर ठेवलं, तर घरावरचं कर्ज १५ लाखांच्या आसपास येईल, हप्ता २०,७००. मंदीच्या महिन्यात एवढा हप्ता एका लूमच्या जॉबवर्कमधून निघतो का, ते आधी वहीत मांडून बघा.