चौदा आकडे, पण रेघ एकही नाही

"एजन्सीने बावीस पानांचा मार्केटिंग प्लॅन दिलाय. दोनदा वाचला, पण वर्षाने नेमकं काय होणार ते मला कुणाला सांगता येत नाही. सही करायला हात धजत नाही. मला मार्केटिंग कळत नाही म्हणून असं होतं का, सर?"

नाही, ताई. तुमचा हात अडला तो बरोबर जागी अडला.

हे विचारणाऱ्या ताई रावेर तालुक्यात केळीचे वेफर्स करतात. महिन्याला साधारण ९०० किलो माल, २०० ग्रॅमची पाकिटं, जळगाव-भुसावळकडची ६२ दुकानं. प्लॅन घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना दोन रंगांचे पेन दिले. लाल पेनाने उद्दिष्टं अधोरेखित करायची, निळ्याने मोजायचे आकडे.

लाल रेघेखाली तीन वाक्यं आली: 'ब्रँडची ओळख वाढवणे', 'बाजारात भक्कम स्थान मिळवणे', 'ग्राहकांशी नाते दृढ करणे'. मी विचारलं, "मार्चअखेर तुम्ही आणि तुमचे यजमान वेगवेगळे बसलात, तर हे झालं की नाही याचं दोघांचं उत्तर एकच येईल?" त्या म्हणाल्या, "ते हो म्हणतील, मी नाही म्हणेन." उद्दिष्ट मोघम आहे हे ओळखायला मी एवढीच कसोटी लावतो.

निळ्याखाली चौदा आकडे होते. फॉलोअर्स, रीच, लाइक्स, व्हिडिओ किती जणांनी पाहिला, वेबसाइटवर किती जण आले. मग मी म्हटलं, प्रत्येक आकड्यापासून तो ज्या उद्दिष्टाचा पुरावा आहे तिथपर्यंत रेघ ओढा. त्यांनी पेन टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. एकही रेघ निघाली नाही. फॉलोअर्स दुप्पट झाले तरी भुसावळच्या दुकानातलं पाकीट हलेलच असं नाही. शिवाय त्यांच्या पानावरचे बरेच फॉलोअर्स ज्या शहरांतले होते, तिथे यांचा माल जातच नव्हता.

मग आम्ही तो प्लॅन बाजूला ठेवला आणि त्यांची उधारीची वही उघडली. कोणत्या दुकानाने पहिला माल घेतल्यावर महिन्याच्या आत पुन्हा मागवला, ते मोजलं. ६२ पैकी २३. खरं दुखणं तिथे होतं, आणि बावीस पानांत त्याचा एक शब्द नव्हता. त्यातून उद्दिष्ट लिहिलं: महिन्याच्या आत पुन्हा माल मागवणारी दुकानं मार्चअखेर २३ वरून ४० करायची. मोजायचं तेच, आणि सोबत परत आलेली पाकिटं. ही दुसरी मोजणी गाळू नका. नुसता मागणीचा आकडा धरला, की विक्रीचा माणूस उधारीवर माल लोटतो आणि कागदावर सगळं छान दिसतं.

खर्चाचाही हिशोब केला. एजन्सीची फी महिना ३५,००० रुपये. सगळा खर्च जाऊन एका पाकिटामागे ताईंना १२ रुपये सुटतात. म्हणजे नुसती फी भरून निघायलाच महिन्याला २,९०० हून जास्त पाकिटं वाढीव खपायला हवीत. आज खपतात ४,५००. हे गणित प्लॅनमध्ये असतं, तर पहिल्याच पानावर बोलणं झालं असतं.

अजून एक गोष्ट मला खटकली. 'तीन महिन्यांत २० टक्के वाढ' असं एका पानावर होतं, आणि ते तीन महिने ऑगस्ट ते ऑक्टोबर. श्रावण आणि नवरात्र! केळीचे वेफर्स उपासाला चालतात, त्या दिवसांत काही न करताही खप चढतो. तुलना मे-जूनशी केली तर श्रेय एजन्सीच्या खात्यात जाणार. म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करायची, असं आम्ही लिहून घेतलं.

हे सगळं एका पानावर मांडून ताईंनी एजन्सीला पाठवलं. तिथल्या मुलाचा प्रामाणिक फोन आला: "ताई, तुम्ही विक्रीचे आकडे दिलेच नव्हते, म्हणून आम्हाला दिसतं तेच मोजलं." त्याचं म्हणणं खरं होतं. प्लॅन मोघम होतो त्यात बऱ्याचदा देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही वाटा असतो. वही दाखवल्याशिवाय कुणी चांगलं उद्दिष्ट लिहू शकत नाही.

सही थांबवून ताई पुन्हा माल न मागवणाऱ्या ३९ दुकानांत स्वतः फिरल्या. नऊ ठिकाणी पहिल्या मालानंतर त्यांचं कुणी फिरकलंच नव्हतं. बारा ठिकाणी किरकोळ कारणं निघाली. उरलेल्या अठरा ठिकाणी एकच तक्रार: वेफर्स मऊ पडतात, तेलाला खवट वास येतो. भुसावळच्या एका दुकानदाराने दारावर उन्हात लटकवलेली माळ दाखवली. पाकीट पारदर्शक, आणि वरचं सील बोटाने दाबलं की हवा सुटत होती.

ताईंनी मला तिथूनच फोन केला. एजन्सीला द्यायच्या पहिल्या महिन्याच्या पैशांत आधी सीलिंग मशीन दुरुस्त करायचं आणि अपारदर्शक पाकिटं मागवायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. विचारायचं एवढंच होतं, की त्या अठरा दुकानांची मोजणी नव्या पाकिटाच्या तारखेपासून वेगळी ठेवायची का. मी म्हटलं, हो, वेगळ्या पानावर.