‘कॉल विकला’ आणि ‘पुट घेतला’ यांत फरक काय?

प्रश्न : कॉल म्हणजे खरेदी आणि पुट म्हणजे विक्री, असं वाचलं होतं. मग लोक ‘कॉल विकला’, ‘पुट घेतला’ असं कसं म्हणतात? विक्री विकत कशी घेणार? आणि ‘बंधन नसलेला हक्क’ म्हणजे नेमकं काय, साध्या उदाहरणानं कोणी सांगेल का?

उत्तर : घोळ ‘कॉल म्हणजे खरेदी’ या अर्धवट व्याख्येत आहे. कॉल म्हणजे खरेदी नव्हे, तर ठरलेल्या भावानं खरेदी करण्याचा हक्क. पुट म्हणजे ठरलेल्या भावानं विकण्याचा हक्क. शेअर बाजारात अशा हक्कांना ऑप्शन म्हणतात. ‘घेतला’ आणि ‘विकला’ ही क्रियापदं या हक्काला लागतात, मालाला नाही. त्यामुळे विकण्याचा हक्क विकत घेता येतो आणि खरेदीचा हक्क विकताही येतो. इंग्रजीत कॉल म्हणजे माल आपल्याकडे बोलावून घेणं आणि पुट म्हणजे तो समोरच्याच्या पदरात टाकणं, एवढं ध्यानात ठेवलं की दोन्ही शब्द उलटसुलट होत नाहीत.

आता उदाहरण. मार्च महिना आहे. अक्षय तृतीयेला घरी हापूसची पेटी हवी आहे, पण तेव्हा भाव काय असेल कुणास ठाऊक. तुम्ही ओळखीच्या आंबेवाल्याला म्हणता, “हे शंभर रुपये ठेवा. त्या दिवशी मला वाटलं तर पेटी ३,००० रुपयांना द्यायची.” तो कबूल होतो. हे शंभर रुपये इसार नव्हेत. इसार किमतीतून वजा होतो आणि इसार दिला की व्यवहार पुरा करायला आपणही बांधले जातो. हे शंभर त्याचेच झाले, आणि पेटी घ्यायची की नाही ते मात्र तुमच्या मर्जीवर. हा कॉल. ३,००० रुपये ही स्ट्राइक प्राइस, अक्षय तृतीया ही एक्सपायरी आणि शंभर रुपये हा प्रीमियम.

त्या दिवशी बाजारात पेटी ३,८०० रुपये झाली, तर तुम्ही हक्क बजावता. पेटी एकूण ३,१०० रुपयांना पडते आणि ७०० रुपये वाचतात. भाव २,४०० रुपयांवर आला, तर आंबेवाल्याकडे फिरकायचंही नाही. बाजारातून २,४०० रुपयांना घ्यायची, शंभर गेले ते गेले. खरी समज कळते ती भाव ३,०५० रुपये असेल तेव्हा. पुष्कळ जण म्हणतील, शंभर देऊन बसलोय, पन्नासच वाचतायत, मग हक्क वापरून काय उपयोग? पण शंभर मार्चमध्येच गेले, ते आता परत येणार नाहीत. आजच्या घडीला ३,००० रुपयांची पेटी ३,०५० रुपयांपेक्षा स्वस्तच आहे. हक्क वापरलात तर एकूण तोटा ५० रुपयांचा, नाही वापरला तर १०० रुपयांचा.

आंबेवाल्याच्या बाजूनंही पाहू. हक्क तुमचा, बंधन त्याचं. भाव ३,८०० रुपये झाला आणि त्याच्याकडे पेटी नसली, तरी बाजारातून आणून तुम्हाला ३,००० रुपयांनाच द्यावी लागेल. ‘बंधन नसलेला हक्क’ हे वर्णन घेणाऱ्यापुरतंच खरं आहे. विकणाऱ्याकडे उलट हक्क नसलेलं बंधन असतं आणि प्रीमियम हा त्याचा मोबदला. म्हणूनच शेअर बाजारात ऑप्शन घेणाऱ्याला फक्त प्रीमियम भरावा लागतो, विकणाऱ्याला मात्र मार्जिन, म्हणजे बंधन पाळण्याची हमी म्हणून रक्कम, ठेवावं लागतं.

पुट समजण्यासाठी हीच पेटी बागायतदाराच्या हाती द्या. त्याला धास्ती आहे की सगळा माल एकदम आला की भाव पडेल. तो व्यापाऱ्याला शंभर रुपये देऊन ठरवतो, “मला वाटलं तर त्या दिवशी पेटी तुम्ही ३,००० रुपयांना घ्यायची.” भाव २,००० रुपयांवर घसरला, तर तो पेटी व्यापाऱ्याच्या पदरात टाकतो आणि प्रीमियम जाऊन २,९०० रुपये हाती येतात. भाव ३,८०० रुपये असला, तर खुशाल बाजारात विकतो आणि व्यापारी काही म्हणू शकत नाही. इथेही पैसे मोजणाऱ्याला हक्क, पैसे घेणाऱ्याला बंधन.

आता तुमचा मूळ घोळ. भाव पडला की कॉल विकणाराही खूश आणि पुट घेणाराही खूश, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण भाव ३,००० रुपयांवर जागचा हललाच नाही तर? आंबेवाल्यानं कॉल विकला होता, त्याला शंभर रुपये सुटले. बागायतदारानं पुट घेतला होता, त्याचे शंभर गेले. भाव कितीही पडला तरी कॉल विकणाऱ्याची कमाई शंभरावर जात नाही, आणि भाव चढत गेला तर त्याच्या तोट्याला वरची मर्यादा नाही. पुट घेणाऱ्याचा तोटा मात्र शंभरावर थांबतो. पुट घेणाऱ्यानं भाव पडेल यावर पैसे लावलेले असतात, कॉल विकणाऱ्याला भाव चढला नाही एवढंही पुरतं.

‘कॉल विकला’ या वाक्यात आणखी एक गोम आहे. आधी घेतलेला कॉल एक्सपायरीच्या आत दुसऱ्याला विकून मोकळं होणाराही हेच म्हणतो आणि हाती काही नसताना नव्यानं कॉल विकून बंधन अंगावर घेणाराही हेच म्हणतो. पहिल्याचा सौद्याशी संबंध संपलेला असतो, दुसऱ्याची जबाबदारी तिथून सुरू होते. बाजारातले लोक म्हणून दुसऱ्यासाठी ‘कॉल राइट केला’ किंवा ‘शॉर्ट केला’ म्हणतात. हा भेद पाळावा असं मला मनापासून वाटतं, कारण ऐकणारा नवखा असेल तर तो दोन्हींत सारखीच जोखीम धरून चालतो.

स्क्रीनवर `NIFTY 25000 CE` असं दिसतं त्यातला आकडा म्हणजे स्ट्राइक प्राइस, C म्हणजे कॉल, PE असेल तर P म्हणजे पुट. E म्हणजे युरोपियन. त्याचा भूगोलाशी संबंध नाही. हक्क फक्त एक्सपायरीच्या दिवशी बजावता येतो, एवढाच त्याचा अर्थ. हक्क दुसऱ्याला विकणं मात्र त्याआधी केव्हाही चालतं.

हे व्यवहार आपल्याकडे नव्यानं आलेले नाहीत. १९५६च्या रोखे करार नियमन कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना ‘पुट’ आणि ‘कॉल’ यांच्या जोडीनं ‘तेजी’, ‘मंदी’, ‘तेजी-मंदी’ आणि ‘गल्ली’ हे बाजारातले शब्द जसेच्या तसे घातले आहेत. तेजी म्हणजे कॉल, मंदी म्हणजे पुट. त्याच कायद्यानं हे सौदे बंद केले होते. ती बंदी १९९५मध्ये उठली आणि राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन २००१मध्ये सुरू झाले.

एक मर्यादा सांगायलाच हवी. आंब्याच्या उदाहरणात तुम्ही गेला नाहीत तर काही होत नाही. निफ्टीतही शेवटी फक्त फरकाचे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. पण कंपन्यांच्या शेअर्सवरचे सगळे ऑप्शन ऑक्टोबर २०१९पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटवले जातात. बाजारभाव स्ट्राइकच्या वर असताना कॉल एक्सपायरीपर्यंत तसाच ठेवला, तर तुम्ही काही न करताही तो आपोआप बजावला जातो. समजा लॉट, म्हणजे एका सौद्यातला ठरलेला गठ्ठा, ५०० शेअर्सचा आणि स्ट्राइक १,००० रुपये असेल, तर प्रीमियम म्हणून काही हजार मोजणाऱ्याला शेअर्ससाठी पाच लाख रुपये उभे करावे लागतात. पुट घेणाऱ्याकडे शेअर नसतील तर त्याला ते देता येत नाहीत, मग ते लिलावातून घेतले जातात आणि त्याचा भुर्दंड त्याला बसतो. शेअर घ्यायचे-द्यायचे नसतील, तर एक्सपायरीच्या आधी ऑप्शन विकून मोकळं व्हायला हवं.