पंच्याऐंशी टक्के पकडणारं मॉडेल आणि रात्री बारा वाजताचा गेस्ट

प्रश्न: पुढच्या आठवड्यात पणजीत एका हॉटेल ग्रुपमध्ये डेटा सायन्सची मुलाखत आहे. शेवटची फेरी ऑपरेशन्सच्या मॅडम घेणार, त्या टेक्निकल नाहीत. माझा प्रोजेक्ट पोर्तुगालच्या हॉटेल बुकिंगच्या डेटावर आहे: कुठलं बुकिंग रद्द होईल ते ओळखणं. प्रिसिजन आणि रिकॉलमधला ट्रेड-ऑफ त्यांना कसा समजावू?

उत्तर:

न येणाऱ्यांपैकी किती जण पकडले ते रिकॉल, आणि पकडलेल्यांपैकी किती खरे निघाले ते प्रिसिजन. पण मॅडमसमोर ते दोन शब्द उच्चारूच नका. मी एकदा उच्चारले होते. मी डिचोलीचा, मुलाखत कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात होती आणि समोर रिझर्व्हेशन सांभाळणाऱ्या बाई. मी ऐटीत सांगितलं, "न येणाऱ्या शंभरातले पंच्याऐंशी गेस्ट माझं मॉडेल आधीच पकडतं." त्यांनी विचारलं, "आणि उगीच किती जणांवर शिक्का मारतं?" हजार बुकिंगमागे पासष्ट, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "पूण गेस्ट आयलो जाल्यार? रात्री बारा वाजता बॅगा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या त्या पासष्ट जणांना मी काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरीही मिळाली नाही.

नंतर घरी बसून त्यांच्या प्रश्नाचा हिशोब मांडला. तोच तुम्हाला देतो. आकडे सोपे केलेले आहेत, पण ताळा बरोबर लागतो.

हजार बुकिंग, त्यातले शंभर जण येणार नाहीत. मॉडेल प्रत्येक बुकिंगला "हा न येण्याची शक्यता इतके टक्के" असा आकडा देतं. किती टक्क्यांच्या वर गेलं की खोली दुसऱ्याला विकायची, हे मात्र आपण ठरवतो. आपण त्याला थ्रेशोल्ड म्हणतो. मॅडमना म्हणा, "किती खात्री झाली की हात घालायचा."

आता चुका दोन प्रकारच्या. न येणारा माणूस सुटला तर खोली रिकामी राहते, समजा 4000 रुपये गेले. येणाऱ्याची खोली विकून बसलो तर त्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. हॉटेलवाले याला "गेस्ट वॉक करणं" म्हणतात. तिथलं भाडं, टॅक्सी, माफीचं जेवण, सगळं धरून निव्वळ 9000 समजा.

30 टक्क्यांवर हात घातला तर मॉडेल 150 जणांवर बोट ठेवतं. त्यातले 85 खरे, 65 खोटे आणि 15 सुटले. नुकसान 65 गुणिले 9000 अधिक 15 गुणिले 4000, म्हणजे 6,45,000. मॉडेल नसतं आणि सगळे येणार असंच धरलं असतं तर शंभर खोल्या रिकाम्या, 4,00,000. म्हणजे मी ज्या पंच्याऐंशी टक्क्यांची फुशारकी मारत होतो, तो थ्रेशोल्ड मॉडेल नसण्यापेक्षाही महाग होता!

50 टक्क्यांवर 80 जण: 60 खरे, 20 खोटे, 40 सुटले. नुकसान 3,40,000. 70 टक्क्यांवर फक्त 40 जण: 36 खरे, 4 खोटे, 64 सुटले. नुकसान 2,92,000. शंभरातले 64 सोडून देणारं, कागदावर दुबळं दिसणारं रूपच सगळ्यात स्वस्त पडलं. गंमत म्हणजे एकूण अचूकता 50 वर सर्वांत जास्त येते, 94 टक्के. 70 वर ती 93.2. आणि "सगळे येणार" एवढंच म्हणणाऱ्यालाही 90 टक्के मिळतात. म्हणून अचूकतेचा आकडा तोंडी लावायलाही घेऊ नका.

70 कुठून आलं, हे कुणी विचारलंच तर: बरोबर निघालो तर 4000 वाचतात, चुकलो तर 9000 जातात. त्यामुळे 9000 भागिले 13000, साधारण 69 टक्के खात्री झाल्याशिवाय हात घालणं परवडत नाही. अट एकच, मॉडेलचे टक्के खरे असले पाहिजेत. ज्यांना ते साधारण 70 टक्के देतं, अशा शंभर जणांतले सत्तरच्या आसपास खरोखर आले नाहीत ना, हे टेस्ट डेटावर आधी पाहून ठेवा. पुष्कळ मॉडेलांचे टक्के नुसते मोठे-लहान लावण्यापुरते बरे असतात. असं असेल तर ते कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणाशी जुळवून घेतल्याशिवाय, हा भागाकार मांडू नका.

मुलाखतीत ही सगळी आकडेमोड वाचून दाखवायची नाही. एवढंच म्हणा: "मॅडम, माझं मॉडेल दोन तऱ्हांनी चुकतं. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. खोली रिकामी राहिली तर तुमचे किती जातात, आणि गेस्ट वॉक करावा लागला तर किती?" त्या सांगतील ते आकडे कागदावर लिहा आणि त्यांच्यासमोरच हिशोब करा. त्या मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेल्या तर पोचलं नाही असं समजा. "छे, 9000 कुठले, त्याने ऑनलाइन वाईट लिहिलं तर?" असं म्हणून तुमचा आकडा खोडला, तर पोचलं.

मग त्या बहुधा हंगामावर येतील. जुलैत बऱ्याच खोल्या तशाही रिकाम्या असतात, सुटलेल्या गेस्टमुळे नवीन काही बुडत नाही, मग कुणाची खोली विकायची कशाला? डिसेंबरअखेरीस पैसे आगाऊ घेतलेले असतील तर न येणाऱ्याचं नुकसान थोडं, आणि वॉक करायला किनाऱ्यावर दुसरी खोली मिळायची मारामार. म्हणजे खोली विकण्यासाठी हे मॉडेल मधल्या, भरत आलेल्या दिवसांतच कामाचं. हे त्यांनी काढायच्या आत तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. वरचा सगळा हिशोब "खोली विकून टाकायची" या कृतीचा आहे. त्याऐवजी आदल्या दिवशी नुसता फोन करून "येताय ना?" विचारायचं ठरलं तर खोट्या इशाऱ्याची किंमत 9000 वरून, समजा, 50 रुपयांवर येते. मग 30 टक्क्यांचा थ्रेशोल्डच चांगला: 150 फोनचे 7500 रुपये, आणि त्यातून वीसच खोल्या मोकळ्या होऊन विकल्या गेल्या तरी 80,000 आले. मॉडेल तेच, विकायला एक थ्रेशोल्ड आणि फोनला दुसरा. मला त्या दिवशी हे सुचलं असतं तर!

तुमच्या डेटाबद्दल एक इशारा. तो 2015 ते 2017 मधल्या दोन हॉटेलांचा, एक अल्गार्वेचं रिसॉर्ट आणि एक लिस्बनमधलं, हाच सेट असेल तर `country` कॉलम तपासा. गेस्टचा देश बरेचदा चेक-इनच्या वेळीच नीट भरला जातो, तोवर तिथे पोर्तुगालचा कोड `PRT` पडून राहू शकतो. जो आलाच नाही त्याचा देश दुरुस्त कोण करणार? त्यामुळे मॉडेल "पोर्तुगीज लोक बुकिंग रद्द करतात" असं शिकतं, आणि गोव्यातल्या मॅडमना ते ऐकवलं तर त्या हसतीलच. शिवाय त्या सेटमध्ये सुमारे 37 टक्के बुकिंग रद्द झालेली आहेत आणि त्यात आठवडे आधी रद्द केलेलीही मोजली आहेत. ती खोली पुन्हा विकायला वेळ मिळतो, तिचे 4000 बुडाले असं धरता येत नाही. `country` कॉलम काढून मॉडेल पुन्हा चालवा, आकडे पडले तर पडू द्या, आणि वरचा हिशोब त्या पडलेल्या आकड्यांवर करून सोबत न्या.